‘एक चमचा द्या’
बाळाला ताप आहे, पॅरासिटामॉल किती द्यावं? ‘एक चमचा द्या, आम्ही तेवढंच देतो,’ असं कुणी अनोळखी माणूस सांगतो. सांगणारा कोण हे कळत नसेल, तर त्यानं आधी काय विचारलं ते पाहावं. हा डोस वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळाला ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप ५ मिलिलिटर चालतं. २५०चं तेवढंच दिलं, तर किलोमागे २५ मिलिग्रॅम जातं. वजन आणि बाटलीवरचा आकडा न विचारता दिलेलं उत्तर दहा जणांनी उचलून धरलं तरी मी ते घेणार नाही. त्यांच्या घरी बाटली कुठली होती? ज्यानं हिशेब मांडला, त्याचा आकडा निदान डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहता येतो.