एसटीच्या ॲपने वेळ थोडी लवकरचीच सांगावी

शहरातली नोकरी सोडून तालुक्याच्या गावी एसटीच्या वेळांचं ॲप करणाऱ्या डेव्हलपर मुलीला स्टँडवर पहिला टोला बसतो: "गाडीच वेळेवर नाही, ॲप काय सांगणार?" शंका रास्त आहे. छापील वेळापत्रक मोबाइलवर आणून काही साधत नाही. गाडीतल्या जीपीएसवरून अंदाज काढावा लागतो. पण सरासरी अंदाज दाखवणंही चूकच. समजा गाडी 12 किलोमीटरवर आहे आणि वेग ताशी 24, म्हणजे अर्धा तास. वाटेतल्या थांब्यांवर कोणी नसलं तर ती 25 मिनिटांतच येऊन जाते, आणि पुढची थेट संध्याकाळी! म्हणून 25च दाखवावीत. "मग उगाच ताटकळायचं?" हो, पाच मिनिटं, गाडी चुकण्यापेक्षा ते परवडतं. घाटात रेंज गेली, तर मात्र अंदाज बंद करून 'शेवटची नोंद 15 मिनिटांपूर्वी' एवढंच लिहावं. तुमच्या मार्गावर रेंज कुठे जाते, जरूर कळवा.