तिचं लग्न होऊन वर्षं झाली, तरी ‘तेव्हा बोललो असतो तर?’ हा प्रश्न का संपत नाही?

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातली ही गोष्ट असू शकते. समजा, रिसोड तालुक्यातला एक तरुण आहे. वाशिमला कॉलेजात असताना एका मुलीवर त्याचं प्रेम होतं, तिलाही तो आवडायचा. पण घरी सांगायचं धाडस त्याला झालं नाही. तलाठी भरतीत दोन मार्कांनी नाव हुकलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि ती सासरी गेली.

आज तो शेती बघतो, सोयाबीन पेरतो, घरच्यांशी हसून बोलतो. पण रात्री मोबाइल बाजूला ठेवला की डोक्यात तेच सुरू होतं. दोन मार्क जास्त पडले असते तर? त्या दिवाळीत घरी सांगितलं असतं तर? मित्र म्हणतात, “आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं, सोड आता.” म्हण त्यालाही पटते. पण विचार काही थांबत नाही.

मन नेमकं काय करतं?

घडून गेलेली गोष्ट मनातल्या मनात बदलून पाहणं ही मेंदूची नेहमीची सवय आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1982 मध्ये याबद्दल एक साधा प्रश्न मांडला होता. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळावर निघाले, वाटेत अडकले आणि अर्धा तास उशिरा पोहोचले. दोघांचंही विमान चुकलं. पण एकाचं विमान वेळेवर गेलं होतं, तर दुसऱ्याचं उशिरा सुटल्यामुळे अवघ्या पाच मिनिटांपूर्वी उडालं होतं. जास्त हळहळ कुणाला वाटेल? जवळजवळ सगळ्यांनी उत्तर दिलं, पाच मिनिटंवाल्याला.

नुकसान दोघांचं सारखंच आहे. फरक एवढाच, की पाच मिनिटं वाचवणं कल्पनेत सोपं जातं. रिसोडच्या तरुणाचे दोन मार्क म्हणजे हीच पाच मिनिटं. तो चाळीस मार्कांनी मागे असता, तर भरतीची रुखरुख कदाचित इतकी टिकली नसती.

न केलेल्या गोष्टीच जास्त का सलतात?

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या अमेरिकी संशोधकांनी 1990च्या दशकात पश्चात्तापाचा अभ्यास केला. घटना ताजी असताना माणसाला केलेली चूक जास्त बोचते. पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना लोक जास्त करून न केलेल्या गोष्टींबद्दल हळहळतात, असं त्यांना दिसलं.

याचं एक कारण सोपं आहे. त्याने तिच्या घरी जाऊन विचारलं असतं आणि नकार मिळाला असता, तर दुःख झालं असतं, पण उत्तर मिळालं असतं. विचारलंच नाही, त्यामुळे काय झालं असतं याला मर्यादाच राहिली नाही. कल्पनेतल्या त्या संसारात कधी पाऊस दगा देत नाही, कर्जाचा हप्ता थकत नाही, सासू-सुनेचं वाजत नाही. रोजच्या खऱ्या आयुष्याची तुलना अशा आयुष्याशी होते, ज्याची कधी परीक्षाच झाली नाही. त्यात खरं आयुष्य नेहमीच हरतं.

‘दोन मार्क’ पुरले असते का?

इथे एक हिशेब करून पाहता येतो. मन भूतकाळातली एकच कडी बदलतं आणि पुढचं सगळं आपोआप जुळलं असं धरून चालतं. प्रत्यक्षात किती कड्या होत्या? निवड यादीत नाव यायला हवं होतं. तिच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात होण्याआधी नियुक्ती मिळायला हवी होती. त्याचे आईवडील तयार व्हायला हवे होते. तिचे आईवडील तयार व्हायला हवे होते. त्यात जात, शेती, नातेवाईक सगळं आलं. आणि शेवटी, तिलाही हेच हवं असायला हवं होतं.

प्रत्येक कडीची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर पाचही जुळण्याची शक्यता 32 मध्ये फक्त 1 येते. लागोपाठ पाच वेळा नाणं उडवून पाचही वेळा छापा पडावा तसं. हा आकडा कुणाच्या आयुष्याचा अचूक हिशेब नाही, कारण या कड्या एकमेकींवर अवलंबून असतात. पण दोन मार्कांवर किती ओझं टाकलं होतं, ते यातून दिसतं.

शेवटची कडी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच सुटते. ‘मी बोललो असतो तर’ या वाक्यात सगळा निर्णय ‘मी’चा आहे. ती मुलगी काय ठरवत होती, तिला काय वाटत होतं, हा प्रश्न या कल्पनेत येतच नाही.

‘विचारच करायचा नाही’ हे का जमत नाही?

डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल आणखीच जास्त आलं. विचार दाबायचा, तर तो आला का हे सतत तपासावं लागतं, आणि तपासायला तो आठवावाच लागतो.

त्यापेक्षा वेळ ठरवून देणं बरं. थॉमस बोर्कोवेक यांच्या गटाने 1983 मध्ये काळजी करणाऱ्यांसाठी असाच उपाय तपासला होता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास विचार करायचा. एरवी विचार आला, तर त्याच्याशी न भांडता ‘संध्याकाळी सातला बघू’ म्हणून हातातलं काम करायचं. त्यांच्या अभ्यासात काळजी कमी झाली. तो अभ्यास प्रेमभंगाचा नव्हता, पण घोळत राहणारा विचार वेळेच्या चौकटीत बसवण्याची युक्ती इथेही करून पाहता येते. झोपण्याआधीची वेळ मात्र टाळावी.

त्या अर्ध्या तासात वरच्यासारख्या सगळ्या कड्या वहीत लिहाव्यात. आणि तिचं स्टेटस, लग्नाचे फोटो पाहणं थांबवावं. दरवेळी नवा फोटो म्हणजे जुन्या कल्पनेला नवा माल. तिची इच्छा नसताना पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा ऑनलाइन तिच्यावर पाळत ठेवणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे.

उपयोगाचा विचार आणि नुसतं घोळणं, फरक कसा ओळखायचा?

विचाराचा शेवट बघायचा. ‘महत्त्वाची गोष्ट घरी वेळेवर बोलायला हवी’ असं काही हाती लागलं, तर त्या विचाराचं काम झालं. दहा मिनिटांनी पुन्हा ‘दोन मार्क’वरच आलात, तर ते नुसतं घोळणं आहे.

आठवण येणं हा आजार नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटावं. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मोफत आणि मराठीत बोलता येतं.