स्क्रीनशॉटमध्ये नसलेला दर

जपानच्या सहलीचा खर्च येनमध्ये मांडणं सोपं आहे. हॉटेलचं भाडं, शिंकान्सेनची तिकिटं, रोजचं खाणंपिणं, सगळ्याचे भाव घरबसल्या कळतात. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बँकेच्या विनिमय दरांच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट टाकतं. त्यातला पहिला आकडा उचलून गुणाकार होतो आणि ‘पावणेदोन लाखांत बसतंय’ असं ठरतं. प्रत्यक्षात तेवढ्यात बसत नाही, आणि त्याचं खापर जपानच्या महागाईवर फोडलं जातं. चूक बहुतेक वेळा तक्ता वाचण्यातच झालेली असते.

पुण्याचं एक जोडपं आठ दिवसांसाठी निघालंय असं धरू. विमानाची तिकिटं आणि व्हिसा रुपयांतच झाले. तिथला खर्च त्यांनी ३,१०,००० येन धरलाय. आता स्क्रीनशॉट पाहा. (पुढचे दर उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या दिवशीचे वेगळे असतील.) `JPY` च्या ओळीत `TT BUY` ५६.६०, `TT SELL` ५७.९०, ट्रॅव्हल कार्डाच्या विक्रीचा दर ५८.६०, `CN BUY` ५५.२० आणि `CN SELL` ५९.५० असे आकडे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हे दर एका येनचे नाहीत, शंभर येनचे आहेत. तशी टीप तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असते आणि स्क्रीनशॉट कापताना नेमकी तीच जाते. येनच्या बाबतीत शंभरने भागायचं राहिलं तर उत्तर पावणेदोन कोटी येतं, त्यामुळे चूक लगेच लक्षात येते. वरची तारीखही कापली गेली असेल तर तो तक्ता सरळ बाजूला ठेवावा. काही बँका छोट्या आणि मोठ्या रकमांसाठी वेगवेगळी पानं काढतात. आपल्याला छोट्या रकमेचं पान हवं.

दुसरी गोष्ट, तक्त्यातली खरेदी-विक्री बँकेच्या बाजूने लिहिलेली असते. `BUY` म्हणजे बँक तुमच्याकडून येन घेते तो दर, `SELL` म्हणजे बँक तुम्हाला येन देते तो. सहलीला निघालेल्या माणसाला विक्रीचा दर लागतो. खरेदीचा दर परत आल्यावर, उरलेल्या नोटा मोडताना. पण डावीकडून वाचायच्या सवयीने हात पहिल्या रकान्यावर जातो. आपल्या जोडप्याचा हिशेब त्या ५६.६० ने केला तर १,७५,४६० रुपये येतात. घरच्या ग्रुपवर ठरलेले पावणेदोन लाख ते हेच.

`TT` चे रकाने बँकेतून बँकेत पाठवलेल्या पैशांचे, `CN` चे नोटांचे. नोटा मागवायच्या, सांभाळायच्या, त्यांचा विमा काढायचा, म्हणून नोटांच्या खरेदी-विक्रीतला फरक सगळ्यांत मोठा असतो. आता प्रश्न येतो क्रेडिट कार्डाचा, आणि त्याचा दर या तक्त्यात कुठेच नाही. तक्त्याच्या माथ्यावर ‘कार्ड रेट’ लिहिलेलं असलं तरी ते दरपत्रक या अर्थाने, तुमच्या पाकिटातल्या कार्डाशी त्याचा संबंध नाही. क्रेडिट कार्डाला व्हिसा किंवा मास्टरकार्डचा स्वतःचा दर लागतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर तारीख टाकून पाहता येतो आणि सहसा बाजारातल्या दराच्या अगदी जवळ असतो. त्यावर तुमची बँक मार्कअप लावते. अनेक कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, काही महागड्या कार्डांवर २ टक्के, थोड्या कार्डांवर शून्यही. शिवाय मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीनचे अशा तऱ्हेने ४.१३ टक्के होतात.

म्हणून गुणाकाराला बसण्याआधी खर्चाचे दोन भाग करावेत: काय कार्डाने जाणार आणि काय रोखीने. हॉटेल १,२६,००० येन. टोकियो ते क्योतो शिंकान्सेन एका बाजूचे माणशी सुमारे १४,००० म्हणजे दोघांचे जाऊन-येऊन ५६,०००. मोठी रेस्टॉरंट आणि खरेदी ६८,०००. हे झाले कार्डाचे अडीच लाख येन. उरलेले ६०,००० रोख. मंदिरांची तिकिटं, यंत्रातून कुपन घ्यावं लागणारी रामेनची जुनी दुकानं, स्टेशनवरच्या यंत्रात सुइका कार्ड भरणं, अशा ठिकाणी जपानमध्ये अजून नोटाच लागतात.

व्हिसाचा त्या दिवशीचा दर शंभर येनला ५७.२० रुपये धरू. एक्सेलमध्ये `A2` या चौकटीत कार्डाचे येन लिहून शेजारी एवढंच टाकायचं:

```
=A2/100*57.20*1.0413
```

अडीच लाख येनचे मूळ १,४३,००० रुपये, त्यावर मार्कअप ५,००५ आणि मार्कअपवरचा जीएसटी सुमारे ९०१, म्हणजे १,४८,९०६. रोखीचे ६०,००० येन ५९.५० ने ३५,७०० रुपये. नोटा विकत घेतानाही जीएसटी असतो, पण एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के, आणि किमान ४५ रुपये. इथे तो ६४ रुपये होतो. दोन्ही मिळून १,८४,६७०. ग्रुपवरच्या आकड्यापेक्षा ९,२१० रुपये जास्त.

कार्डाने दिलेले शंभर येन शेवटी ५९.५६ रुपयांना पडले, म्हणजे जवळपास नोटांइतकेच महाग. ‘कार्डाचा दर चांगला’ हे ऐकीव वाक्य इथे अर्धवट ठरतं: दर चांगलाच आहे, मार्कअप तो खाऊन टाकतो. ट्रॅव्हल कार्डात येनच भरून नेले तर ५८.६० ने १,४६,५०० आणि जीएसटीचे सुमारे २२२, एकूण १,४६,७२२. दोन हजारांहून थोडी जास्त बचत, पण कार्ड काढायचं शुल्क त्यातून वजा करा, आणि उरलेले येन खरेदीच्या दराने परत जातील हेही ध्यानात ठेवा. त्या कार्डात येनची सोय नसून डॉलर भरले असतील तर येनमध्ये खर्च करताना वेगळं शुल्क लागतं आणि सगळा फायदा जातो.

दुकानातल्या यंत्रावर कधी कधी ‘येन की रुपये?’ असं विचारलं जातं. रुपये दिसले की बरं वाटतं, पण तो दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि त्यात तिचा नफा असतो. वर बऱ्याच बँका रुपयांतल्या अशा परदेशी व्यवहारावरही शुल्क लावतात. येनच निवडावेत. परदेशी हॉटेल साइटवर रुपयांत दाखवलेल्या भाड्यालाही हेच लागू होऊ शकतं.

अंदाजपत्रक आणि सहल यांत दोन महिने असतील तर दर हलणारच. शंभर येनमागे एक रुपया वाढला तर आपल्या जोडप्याचे कार्डावर २,६०३ आणि रोखीत ६०० रुपये वाढतात. तेवढी गादी आधीच ठेवलेली बरी. व्यवहाराचा दरही कार्ड घासलं त्या क्षणाचा नसतो. रक्कम दुकानाकडून पुढे येऊन नोंदली जाते त्या दिवसाचा लागतो, म्हणून एक-दोन दिवसांच्या फरकाने पैसे थोडे इकडेतिकडे होतात.

परत आल्यावर एकच बिल तपासून पाहा. रामेनचे २,४०० येन स्टेटमेंटमध्ये १,३७२.८० रुपये दिसतील. मार्कअपची ४८.०५ आणि जीएसटीची ८.६५ अशा नोंदी वेगळ्या असतात, कधी काही दिवसांनी आलेल्या. मार्कअपचा आकडा मूळ रकमेने भागून शंभरने गुणला की टक्का कळतो. तो साडेतीनऐवजी दोन निघाला, तर सूत्रातल्या `1.0413` च्या जागी `1.0236` लिहा.