विश्लेषण : घसाऱ्याचा चेक कुणाच्याच नावाने फाटत नाही, मग त्याने कर कसा वाचतो?

नफा-तोटा पत्रकातला जवळपास प्रत्येक खर्च कुणाला तरी द्यावा लागतो. पगार कामगारांना, बिल वीज कंपनीला, भाडं जागामालकाला. घसारा हा मात्र असा खर्च आहे, की तो लिहिला जातो, नफा कमी करतो, पण त्याचा चेक कुणाच्याच नावाने फाटत नाही. तरीही प्राप्तिकर खातं तो खर्च म्हणून मान्य करतं. या एका गोष्टीमुळे कंपनीच्या खात्यात दरवर्षी खरीखुरी रोकड जास्त उरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला 'टॅक्स शील्ड' म्हणतात, म्हणजे कराविरुद्धची ढाल.

पैसे गेले नाहीत, मग खर्च कसला?

पैसे गेलेले असतात, पण आधीच. यंत्र घेतलं त्या दिवशी पूर्ण रक्कम दिली. मात्र ते यंत्र अनेक वर्षं चालणार, म्हणून त्याची किंमत एकाच वर्षाच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. ती थोडीथोडी, दरवर्षी वजा होते. तो वार्षिक हिस्सा म्हणजे घसारा.

आकड्यांत पाहू

उदाहरणापुरती भोसरी एमआयडीसीतली सुटे भाग बनवणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेऊ. तिने एप्रिलमध्ये जीएसटी वगळून ४० लाखांचं व्हीएमसी मशिन घेतलं. वर्षभरात पगार, वीज, कच्चा माल सगळं देऊन ३० लाख रुपये उरले आणि सगळी वसुलीही झाली, असं धरू. कंपनीने सवलतीचा करदर निवडला आहे. तो मूळ २२ टक्के, पण अधिभार आणि उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के पडतो.

घसारा नसता, तर ३० लाखांवर ७.५५ लाख कर भरावा लागला असता आणि हातात २२.४५ लाख राहिले असते.

आता घसारा धरू. प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के दर आहे, म्हणजे पहिल्या वर्षी ६ लाख. करपात्र नफा २४ लाखांवर आला, कर झाला ६.०४ लाख. पण ते ६ लाख कुणाला दिलेले नाहीत. म्हणून हातात राहिले ३० वजा ६.०४, म्हणजे २३.९६ लाख. फरक १.५१ लाखांचा.

हे थेटही काढता येतं. घसारा गुणिले करदर, म्हणजे ६ लाख गुणिले २५.१७ टक्के. बँकेचा अधिकारी कर्ज देताना करोत्तर नफ्यात घसारा परत मिळवून 'कॅश अ‍ॅक्रुअल्स' पाहतो, तो याच कारणाने. हप्ता नफ्यातून नाही, रोकडीतून जातो.

इथे एक गल्लत सर्रास होते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाच्या वहीत घसारा वेगळ्या पद्धतीने लावलेला असतो. हेच मशिन १५ वर्षं समान हप्त्यांनी उतरवलं आणि ५ टक्के अवशेष किंमत ठेवली, तर वहीतला घसारा साधारण अडीच लाखच दिसेल. कर वाचतो तो मात्र प्राप्तिकराच्या ६ लाखांवर. ताळेबंदातला आकडा उचलून बचत मोजली, तर उत्तर चुकणारच.

म्हणजे मशिन फुकटात पडलं?

अजिबात नाही. ६ लाखांच्या घसाऱ्यावर दीड लाख वाचले, बाकीचे साडेचार लाख कंपनीचेच गेले. 'घसारा मिळतो म्हणून मशिन घ्या' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. काम नसेल, तर ढाल कितीही मोठी असली तरी खर्च भरून निघत नाही.

शिवाय ही बचत वर्षागणिक आटत जाते. दुसऱ्या वर्षी १५ टक्के उरलेल्या ३४ लाखांवर लागतात, म्हणजे घसारा ५.१० लाख आणि बचत १.२८ लाख. तिसऱ्या वर्षी बचत १.०९ लाख. अशी सगळी वर्षं जोडली, तरी बेरीज १०.०७ लाखांच्या वर जात नाही. आणि उशिरा मिळणारा पैसा आजच्या पैशाइतका मोलाचा नसतो. १२ टक्के दराने आजची किंमत काढली, तर ती साधारण ५.६ लाखच भरते.

तारीख का महत्त्वाची?

यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर पहिल्या वर्षी निम्माच दर मिळतो. म्हणजे ऑक्टोबरचे पहिले काही दिवस उलटल्यावर मशिन सुरू झालं, तर ६ ऐवजी ३ लाख घसारा आणि बचत ७५ हजारांच्या आसपास. राहिलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत सरकतो.

मोजणी बिलाच्या तारखेपासून नाही, वापर सुरू झाल्यापासून होते. मशिन सप्टेंबरमध्ये आलं, पण पाया आणि वीजजोडणीत नोव्हेंबर उजाडला, तर निम्माच दर. कमिशनिंगचा अहवाल आणि त्या मशिनवरच्या पहिल्या जॉबचं बिल जपून ठेवायचं, ते यासाठी. आणि जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर त्या रकमेवर घसारा लावता येत नाही. दोन्ही फायदे एकदम नाहीत.

नफाच नसेल तर?

तर यंदा कर नाही आणि वाचवायलाही काही नाही. न वापरलेला घसारा पुढे नेता येतो, त्याला धंद्यातल्या तोट्यासारखी आठ वर्षांची मुदत नाही. पण पैसा आज लागणार असेल, तर 'पुढे कधीतरी' कमीच उपयोगाचं.

ही मर्यादा पवनऊर्जेत सगळ्यांना दिसली. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, सांगलीत, धुळ्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यात वाऱ्याइतकाच घसाऱ्याचा वाटा होता. पवनचक्कीला पहिल्या वर्षी ८० टक्के घसारा मिळत असे. ६ कोटींची चक्की घेतली, तर ४.८० कोटी घसारा. ३० टक्के मूळ दराने पहिल्याच वर्षी १.४४ कोटींचा कर वाचायचा. एकूण घसारा ६ कोटींच्या वर जात नव्हताच, तो फक्त लवकर मिळत होता. सगळी गंमत या 'लवकर'मध्ये होती.

पण ढाल त्यालाच उपयोगी, ज्याचा दुसऱ्या धंद्यात भरपूर करपात्र नफा आहे. त्यामुळे वीज हा मुख्य व्यवसाय नसलेल्या कंपन्याही चक्क्या उभारू लागल्या. टीका अशी होती, की सवलत चक्की उभारण्याला आहे, वीज तयार करण्याला नाही. ती रास्त होती. फक्त वीज विकणाऱ्या नव्या कंपन्यांकडे सुरुवातीला नफाच नसे, त्यांना ८० टक्के असो की १५, सारखंच. म्हणून डिसेंबर २००९मध्ये केंद्राने, वेगवान घसारा न घेणाऱ्यांसाठी, ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली.

एप्रिल २०१२मध्ये ८० टक्क्यांचा दर काढून १५ टक्के केला गेला. सोबत युनिटमागचं अनुदानही थांबलं आणि त्या वर्षी नव्या पवनचक्क्यांची क्षमता आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली. २०१४च्या अर्थसंकल्पात वेगवान घसारा परत आला आणि एप्रिल २०१७पासून तो ४० टक्क्यांवर आणला गेला.