बिल्टीवर ‘टू पे’, वहीत दोन हजार

मोरबीहून टाइल्स भरलेला ट्रक बारामतीतल्या एका दुकानापुढे येऊन थांबतो. बिल्टीवर ‘टू पे’ लिहिलेलं असतं, म्हणजे भाडं माल घेणाऱ्यानं द्यायचं. भाडं ४०,००० रुपये. ट्रान्सपोर्टर मोरबीचाच, जीएसटी नोंदणी नसलेला. त्याच्या बिलात कराची ओळच नाही. हमाल पेट्या उतरवतात, मालक पैसे देतो, आणि हिशेबनीस ‘गाडीभाडे ४०,०००’ एवढं लिहून पुढच्या बिलाकडे वळतो. नोंदणी नाही म्हणजे कर नाही, अशी त्याची समजूत.

ही समजूत सगळीकडे दिसते, आणि तिला कारणही आहे. बिगरनोंदणीवाल्याकडून काहीही घेतलं तर घेणाऱ्यानं कर भरायचा, असा एक सरसकट नियम २०१७ मध्ये आला होता. तो त्याच वर्षी ऑक्टोबरात स्थगित झाला, आणि ‘ते आरसीएम गेलं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. गाडीभाड्याचा नियम मात्र वेगळा. माल वाहून नेणारी एजन्सी ही सेवाच रिव्हर्स चार्जच्या यादीत आहे. शिवाय ज्याच्या सगळ्या सेवेवरचा कर गिऱ्हाईकच भरतो, त्या ट्रान्सपोर्टरला नोंदणीची सक्तीच नाही. त्याची नोंदणी नसणं हा कायद्याचाच परिणाम आहे; करातून सुटण्याची वाट नव्हे.

सुटका होते ती बिल्टी नसेल तर. गावातल्या टेंपोवाल्यानं बिल्टी न फाडता माल आणून टाकला, तर तो एजन्सी ठरत नाही आणि त्याच्या भाड्यावर कर नाही. मात्र कागदाचं नाव काहीही असो, माल ताब्यात घेतल्याची आणि पोचवण्याची जबाबदारी त्यावर असेल, तर ती बिल्टीच. पूर्वी एका गाडीतल्या मालाचं भाडं १,५०० रुपयांपर्यंत असेल तर माफी होती. १८ जुलै २०२२ पासून तीही गेली. धान्य, दूध, मीठ अशा काही वस्तूंच्या वाहतुकीला माफी आहे, टाइल्सला नाही.

आता वही. ट्रान्सपोर्टरचं येणं ४०,००० रुपयेच. त्यातून दोन हजार कापायचे नाहीत की वर चढवायचेही नाहीत. पहिली नोंद साधी: गाडीभाडे खाते नावे, ट्रान्सपोर्टर जमा. कराची नोंद वेगळी. पाच टक्क्यांनी २,००० रुपये ‘आरसीएम इनपुट आयजीएसटी’ला नावे आणि ‘आरसीएम देय आयजीएसटी’ला जमा. इथे आयजीएसटी का? ट्रान्सपोर्टर गुजरातचा आणि नोंदणीकृत गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, म्हणून. ट्रान्सपोर्टर पुण्याचा असता तर माल गुजरातहून आला तरी सीजीएसटी हजार आणि एसजीएसटी हजार असे दोन तुकडे पडले असते. ट्रक कुठून निघाला हे पाहून कर ठरवणारे इथेच फसतात.

देय खात्यातले दोन हजार रोखच भरावे लागतात. मागचं इनपुट क्रेडिट कितीही शिल्लक असो, ते इथे चालत नाही. म्हणून हे देणं विक्रीवरच्या कराच्या खात्यात मिसळू नये. मिसळलं की ते क्रेडिटमधून वळतं होतं आणि रोख भरणा राहून जातो. बँकेतून चलन भरलं की रक्कम कॅश लेजरला येते आणि तिथून देय खातं शून्य होतं. GSTR-3B मध्ये हे देणं 3.1(d) मध्ये दाखवायचं आणि क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्यायचं. दोन्ही एकाच महिन्याच्या विवरणात बसतात, म्हणजे त्या दोन हजारांनी पुढे विक्रीवरचा कर फेडता येतो.

क्रेडिटला कागद लागतो, आणि बिगरनोंदणी ट्रान्सपोर्टरकडून कराचं बिल येणार नाही. ते दुकानदारानं स्वतःच्या नावे बनवायचं. त्याला सेल्फ इनव्हॉइस म्हणतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून सेवा मिळाल्यावर ३० दिवसांत ते करावं लागतं. कर कोणत्या महिन्याचा, हे पैसे दिल्याची तारीख आणि सेल्फ इनव्हॉइसची तारीख यांत जी आधी, तिच्यावर ठरतं. टाइल्सचा ट्रक २ जूनला आला, पण डिझेलसाठी १०,००० रुपये ३० मेलाच दिले असतील, तर त्यावरचे ५०० रुपये मेच्या विवरणात जातात. उशीर झाला की वर्षाला अठरा टक्क्यांनी व्याज लागतं, आणि त्या व्याजाचं क्रेडिट मिळत नाही.

चूक शोधायला फारसं काही लागत नाही. वर्षभराच्या गाडीभाडे खात्यातून बिल्टी नसलेली, माफीची आणि ज्यांनी स्वतः कर लावून बिल दिलं अशा ट्रान्सपोर्टरची रक्कम वजा करावी. उरलेल्याचे पाच टक्के आणि 3.1(d) मध्ये भाड्यापोटी दाखवलेला कर जुळले पाहिजेत. हाच दुकानदार कंपोझिशन योजनेत असता, तर दोन हजार भरावे लागलेच असते, पण क्रेडिट मिळालं नसतं. टाइल्सचा आणण्याचा खर्च ४२,००० रुपये पडला असता.