‘परवा’ म्हणजे नेमकं कधी?

न्यू जर्सीतलं एक इस्पितळ डोळ्यांपुढे आणा. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी तातडीच्या विभागात खाटेवर आहेत आणि मुलगा अजून वाटेत आहे. नर्स एका नंबरवर फोन लावून ‘मराठी’ एवढंच सांगते. दूरच्या कुठल्यातरी शहरात, दार लावून बसलेल्या एका मराठी माणसाच्या हेडसेटमध्ये घंटी वाजते. तो नाव सांगत नाही, फक्त आपला ओळख क्रमांक सांगतो. आजी बोलू लागतात, “परवापासून पित्त झालंय, छातीत जळजळतंय. रात्री दीड गोळी घेतली, मग घेरी आली.”

फोनवरच्या दुभाष्याची सगळी परीक्षा या दोन वाक्यांत आहे. आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही, इथे तो ‘झालंय’वरून कळतो. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ हे आकडे परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना हमखास चकवतात, आणि इथे प्रश्न औषधाच्या मात्रेचा आहे. सगळ्यात अवघड शब्द ‘पित्त’. कुणाला त्यातून आंबट ढेकर सांगायचे असतात, कुणाला उलट्या, कुणाला अंगावर उठलेल्या गांधी. दुभाष्याने स्वतःच ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून टाकलं, तर हृदयविकाराची शंका डॉक्टरांच्या मनात यायला उशीर होऊ शकतो. म्हणून तो म्हणतो, “दुभाषी बोलतोय, या शब्दाचे एकाहून अधिक अर्थ आहेत, रुग्णाला विचारू का?” आणि तेच आजींनाही मराठीत सांगतो, म्हणजे आपल्यामागे काय बोलणं चाललंय हे त्यांना कळतं.

एरवी तो ‘त्या म्हणतात’ असं म्हणतच नाही. आजींच्या वतीने ‘मी’ म्हणूनच बोलतो आणि डॉक्टरांच्या वतीनेही. इथे मराठीची आणखी एक अडचण येते. इंग्रजीतल्या ‘मी’ला लिंग नसतं, पण मराठीत डॉक्टरांचं वाक्य सांगताना ‘तपासतो’ की ‘तपासते’ हे ठरवावंच लागतं, आणि फोनवर दिसत तर काहीच नाही. मला वाटतं, दोन्ही भाषा येणं आणि दुभाषी असणं यातलं अंतर अशाच जागी कळतं.

इस्पितळं यासाठी पैसे मोजतात त्याला कायद्याचा आधार आहे. अमेरिकेच्या 2010 च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार, सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळाने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला योग्य दुभाषी मोफत द्यायचा असतो. कंपन्या आधी दोन्ही भाषांची तोंडी परीक्षा घेतात. वैद्यकीय कॉलसाठी बहुधा 40 तासांचं प्रशिक्षण मागतात, आणि राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायलाही तेवढंच लागतं. स्पॅनिशची तोंडी प्रमाणपत्र-परीक्षा आहे, मराठीची नाही. म्हणून मराठी माणूस ‘कोअरसीएचआय’ ही इंग्रजीतली परीक्षा देतो. ती आचारनियम, परिभाषा आणि प्रसंगावधान तपासते, त्याचं मराठी तपासत नाही.

काम कंपनीच्या अ‍ॅपवर चालतं. ‘उपलब्ध’ बटण दाबलं की कॉल येऊ लागतात. तारेचं इंटरनेट, आवाज गाळणारा हेडसेट आणि बंद खोली लागते. टिपणं कॉल संपताच फाडायची.

आता पैशांचं. स्पॅनिशचे दुभाषी अनेकदा तासाच्या पगारावर असतात. मराठीचे कॉल थोडे, म्हणून मराठी माणूस बहुतेकदा कंत्राटी असतो आणि त्याला बोललेल्या मिनिटांचेच पैसे मिळतात. समजा दर मिनिटाला 60 सेंट आहे. तो 4 तास अ‍ॅपवर बसला आणि तीन कॉल आले, 18, 7 आणि 31 मिनिटांचे. एकूण 56 मिनिटं, म्हणजे 33 डॉलर 60 सेंट. जाहिरातीत हाच दर ‘तासाला 36 डॉलर’ असा दिसतो, पण बसलेल्या तासांनी भागलं तर तासाला 8 डॉलर 40 सेंटच पडतात. त्यातून सुमारे 15 टक्के स्वयंरोजगार कर जातो, कारण नोकरदाराचा निम्मा वाटा मालक भरतो, कंत्राटदाराचा कुणी भरत नाही. म्हणून सही करण्याआधी विचारावं: मिनिट कसं मोजता, रुग्ण येईपर्यंत लाइनवर थांबलेला वेळ धरता का, आणि कॉल मध्येच तुटला तर काय?

मायदेशातून हे काम करू पाहणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. रुग्णाची माहिती देशाबाहेर जाऊ नये म्हणून अनेक करारांत दुभाषी अमेरिकेतच बसलेला असावा अशी अट असते. भारतातून घेतलेल्यांचा दरही बराच कमी असतो. आणि कामावर घेण्यासाठी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नये.

अमेरिकेतल्या ज्या घरांत वेळ आणि उत्तम मराठी दोन्ही असतं, तिथे वेगळाच अडसर असतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-4 व्हिसावर आलेल्या बायकोला कामाचा स्वतंत्र परवाना नसेल, तर घरबसल्या घेतलेला सात मिनिटांचा कॉलही बेकायदा ठरतो. अ‍ॅपवर नाव नोंदवायच्या आधी तो परवाना हातात हवा.