श्वास लांबवला, नाडी बदलली, व्हेगसचं काय?

अत्याचारातून गेलेल्या बाईला विचारला जाणारा सर्वांत क्रूर प्रश्न म्हणजे, 'तू ओरडली का नाहीस?' कित्येक जणी हाच प्रश्न वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहतात. समुपदेशकाने एक दिवस सांगितलं, 'तुमच्या शरीरानेच तुम्हाला थिजवलं, तो तुमचा निर्णय नव्हता,' तर मनावरचा केवढा भार उतरत असेल! पॉलिव्हेगल सिद्धांत जगभर लोकप्रिय झाला, त्याचं मोठं कारण मला या दिलाशात दिसतं.

अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांनी तो १९९४ मध्ये मांडला. मेंदूच्या देठातून निघून हृदय, फुप्फुसं, आतडी यांच्यापर्यंत जाणारी व्हेगस ही नस त्याच्या केंद्रस्थानी आहे. पोर्जेस यांच्या मते हृदयाकडे जाणाऱ्या तिच्या दोन शाखा उत्क्रांतीत वेगवेगळ्या काळी घडल्या. जुनी शाखा सरपटणाऱ्या प्राण्यांकडून आलेली. जिवावर बेततं तेव्हा ती शरीर बंद पाडते. नवी फक्त सस्तन प्राण्यांत आढळणारी, मायलिनचं वेष्टन असलेली. चेहरा आणि आवाज यांच्या नसांशी जोडलेली. आपल्याला सुरक्षित वाटतं, माणसांत मिसळावंसं वाटतं, ते तिच्यामुळे. या दोन्हींच्या मध्ये लढा-किंवा-पळा ही अवस्था. उपचारकांनी याची शिडी केली: वर शांतता, मध्ये धडपड, तळाला थिजणं. चित्र इतकं सोपं की एकदा ऐकलं की विसरत नाही.

टीकाकारांचा पहिला आक्षेप मोजमापावर आहे, आणि तो आपल्याच मनगटावर समजून घेता येतो. नाडीवर बोटं ठेवा. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. या चढउताराला पॉलिव्हेगल मांडणीत नव्या शाखेच्या जोराचं माप मानतात: चढउतार मोठा, तर व्हेगस जोरात, म्हणून माणूस शांत.

समजा, तुमची नाडी मिनिटाला सरासरी ७२ आहे आणि तुम्ही १५ श्वास घेता. आता ठरवून फक्त ६ श्वास घ्या. नाडीतला चढउतार लगेच वाढतो. श्वास जलद असताना ठोक्यांना पूर्ण वर जायला आणि पूर्ण खाली यायला सवडच मिळत नव्हती, आता मिळते. पण सरासरी पाहिली तर ती ७२च्या आसपासच राहू शकते. व्हेगसने हृदयाचा ब्रेक खरोखर जास्त दाबला असता, तर सरासरीही खाली यायला हवी होती. म्हणजे माप वाढलं ते श्वासाच्या लयीमुळे. पॉल ग्रॉसमन हे संशोधक अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत: श्वासाचा वेग आणि खोली हिशेबात घेतल्याशिवाय या आकड्यावरून व्हेगसबद्दल बोलू नका. संथ श्वासाने बरं वाटतं, हे खोटं ठरत नाही. बरं वाटण्याचं जे कारण सांगितलं जातं, ते मात्र या आकड्याने सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप उत्क्रांतीच्या कथेवर आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. लंगफिश हा फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राचीन वंशाचा मासा. त्याच्या हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगसमध्येही मायलिन असलेले तंतू आहेत आणि त्याचे ठोकेही श्वासाबरोबर बदलतात, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. मग 'फक्त सस्तन प्राण्यांत' हे म्हणणं कसं टिकणार? सरपटणारे प्राणी एकलकोंडे, हेही खरं नाही. मगरीची मादी पिल्लांची राखण करते. शिडीच्या तळाचा पायाही डळमळीत आहे. जी जुनी शाखा म्हणे शरीर बंद पाडते, तिच्या केंद्राचा सस्तन प्राण्यांत ठोक्यांच्या गतीवर फारच थोडा परिणाम प्रयोगांत आढळतो. ठोके मंदावण्याचं बहुतेक काम 'नव्या' शाखेच्या केंद्राकडूनच होतं.

पोर्जेस यांना हे मान्य नाही. टीकाकारांनी आपलं म्हणणं चुकीचं मांडलं, असं ते म्हणतात. श्वासाबरोबर ठोके इतर प्राण्यांतही बदलत असतील. आपला दावा हृदय, चेहरा आणि आवाज यांची सस्तन प्राण्यांत जी एकत्र गुंफण झाली तिच्याबद्दल आहे, असं त्यांचं उत्तर आहे. पण दावा असा आक्रसला, तर उपचारकांच्या खोलीत शिकवली जाणारी शिडी कशाच्या आधारावर उभी आहे, हे कुणीतरी सांगायला हवं.

मग त्या बाईचा दिलासाही जातो का? अजिबात नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोमच्या एका अभ्यासात, बलात्कारानंतर महिन्याभरात तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांना त्या प्रसंगी शरीराचं काय झालं होतं ते प्रश्नावलीतून विचारलं गेलं. सुमारे ७० टक्के जणींनी शरीर लक्षणीय प्रमाणात जखडल्याचं सांगितलं. हे कळायला व्हेगसची कोणती शाखा जुनी आणि कोणती नवी, हे ठरवावं लागलं नाही.